नव्वद दिवस, चोवीस हजार टी-शर्ट आणि एक बायोडेटा

तिरुपूरच्या एखाद्या निर्यात कारखान्यात मर्चंडायझरच्या जागेसाठी आलेले बायोडेटा चाळले, तर पुष्कळांत एक ओळ थोड्याफार फरकाने सारखीच सापडते. ‘युरोप-अमेरिकेचे बायर हाताळले, वर्षाला १५ लाख पीस, लीड टाइम ९० दिवस, वेळेवर डिलिव्हरी ९८ टक्के, क्वालिटी एक्यूएल २.५.’ ओळ वजनदार दिसते. पण ज्याने स्वतः कारखाना चालवला आहे त्याला ती वाचून उमेदवाराविषयी फारसं काही कळत नाही. त्याला हवे असलेले चारही आकडे इथे आहेत, पण ते कशाचे, कुठून मोजलेले आणि त्यात या व्यक्तीचा हात किती, हे कुठेच नाही.

मर्चंडायझर म्हणजे परदेशी बायर आणि आपला कारखाना यांच्यामधला दुवा. बायरकडून कपड्याचा नकाशा येतो, त्याला टेक पॅक म्हणतात. कापड कोणतं, वजन किती, प्रत्येक साइजचं माप काय, छपाई कुठे, लेबल कोणतं, खोक्यात किती पीस, हे सगळं त्यात असतं. तिथपासून माल बंदरावर पोचेपर्यंतची प्रत्येक मंजुरी, प्रत्येक तारीख आणि प्रत्येक बदल मर्चंडायझरच्या हातून जातो. ती स्वतः सूत विणत नाही, कापड रंगवत नाही, शिलाई करत नाही. म्हणूनच तिचं काम आकड्यांत मांडणं अवघड होतं. माल वेळेवर गेला तर त्यात डाइंगवाल्याचा, कटिंग मास्तरचा आणि शिलाई लाइनच्या बायकांचा वाटा असतो. मग बायोडेटात लिहायचं कुणाच्या नावावर?

तमिळनाडूतलं तिरुपूर उदाहरणाला घेतलं, कारण भारताच्या निटवेअर निर्यातीतला, म्हणजे विणलेल्या होजिअरी कापडाच्या कपड्यांतला, निम्म्याहून अधिक वाटा या एका शहराचा आणि त्याच्या परिसराचा आहे. इचलकरंजीच्या डीकेटीईमधून किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमधून वस्त्रशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना या कामासाठी तिरुपूर, बेंगळुरू, नोएडा किंवा मुंबईतल्या बायिंग हाऊसेसची वाट धरता येते. घरच्यांना मात्र ‘एक्स्पोर्टमध्ये आहे’ यापलीकडे त्या कामाविषयी सांगता येत नाही.

बायरच्या नावांपासून सुरुवात करू, कारण बायोडेटात तीच सगळ्यांत वर असतात. प्रायमार्क, डेकॅथलॉन, वॉलमार्ट अशी नावं दिसली की वाचणाऱ्याचे डोळे थांबतात. पण एकाच बायरचं काम करणाऱ्या दोन व्यक्तींचं काम अगदी वेगळं असू शकतं. एकीने बायरशी दर ठरवला, सॅम्पल मंजूर करून घेतले, तारखांवर भांडण केलं. दुसरीने फक्त कुरिअरची पावती सांभाळली. म्हणून नावाशेजारी तीन गोष्टी लागतात: लहान मुलांचे कपडे की पुरुषांचे, बायरशी थेट बोलणं की बायिंग हाऊसमार्फत, आणि ऑर्डरच्या कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंत जबाबदारी. लहान मुलांच्या कपड्यांना वेगळं महत्त्व आहे. तिथे सुटणारं बटण, लांब नाडी किंवा राहिलेलं सुईचं टोक ही थेट सुरक्षेची चूक ठरते, आणि ते काम केलेली व्यक्ती वेगळी शिस्त शिकलेली असते.

देश कोणता, हेही आता मालक बारकाईने पाहतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा ज्यांची सगळी भिस्त अमेरिकी बायरवर होती त्या कारखान्यांची कोंडी झाली. अशा वेळी युरोपच्या लहान-लहान ऑर्डरी आणि त्यांच्या वेगळ्या चाचण्या माहीत असलेला माणूस हवा असतो.

ऑर्डरच्या आकारात तर सगळ्यांत जास्त फसगत होते. समजा, एका उमेदवाराने वर्षाला १२ लाख पीस केले, पण ते सगळे १० स्टाइलमध्ये, साधे गोल गळ्याचे टी-शर्ट. दुसरीने फक्त ३ लाख पीस केले, पण ते १२० स्टाइलमध्ये, प्रत्येकी सरासरी २,५०० पीस. पहिला आकडा चौपट मोठा आहे. आता काम मोजू. प्रत्येक स्टाइलला सॅम्पलच्या चार फेऱ्या धरल्या, तर दुसरीने वर्षात ४८० सॅम्पल पुढे सरकवले. स्टाइलमागे सरासरी अडीच रंग धरले, तर ३०० रंग मंजूर करून घेतले. पहिल्याला हेच काम अनुक्रमे ४० आणि २५ वेळा करावं लागलं. मोठ्या आकड्याला किंमत नाही असं नव्हे. १२ लाख पिसांत कापडाचा हिशेब किलोमागे थोडा जरी चुकला तरी लाखोंचा फटका बसतो, आणि तो सांभाळणं हेही कौशल्यच आहे. पण दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत. पीस, स्टाइल आणि रंग हे तीन आकडे शेजारी-शेजारी असल्याशिवाय वाचणाऱ्याला ती ओळखता येत नाहीत.

लीड टाइमकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं, कारण मर्चंडायझरची खरी पारख इथेच होते. पहिला प्रश्न: ९० दिवस कुठून कुठपर्यंत? ऑर्डर पक्की झाल्यापासून माल कारखान्याबाहेर पडेपर्यंत, की बायरच्या गोदामात पोचेपर्यंत? तिरुपूरचा बराच माल थुथुकुडी बंदरातून जातो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपची अनेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा दिवस ते दोन आठवडे वाढले. हे दिवस कुणाच्या हिशेबात धरलेत, त्यावर ९० या आकड्याचा अर्थ बदलतो.

एक ऑर्डर सुरुवातीपासून पाहू. ती मी समजुतीसाठी रचलेली आहे, पण तिच्यातले टप्पे आणि अडचणी नेहमीच्याच आहेत. युरोपातल्या एका साखळी दुकानाने पुरुषांचे २४,००० टी-शर्ट मागवले. १८० जीएसएमचं सुती सिंगल जर्सी कापड, छातीवर छपाई, तीन रंग: पांढरा, ऑलिव्ह आणि नेव्ही निळा, प्रत्येकी ८,०००. ऑर्डर १ जूनला पक्की, माल कारखान्याबाहेर २९ ऑगस्टला. पूर्ण ९० दिवस.

मर्चंडायझर पहिल्याच दिवशी ‘टीएनए’ बनवते. टाइम अँड अ‍ॅक्शन, म्हणजे कोणतं काम कोणत्या तारखेला, याचं शेवटच्या तारखेपासून मागे-मागे येत मांडलेलं वेळापत्रक. कापड किती लागेल, हेही तेव्हाच ठरतं. मधल्या साइजच्या एका टी-शर्टला शिवणीची माया धरून सुमारे सव्वा चौरस मीटर कापड, म्हणजे साधारण २२० ग्रॅम. त्यात विणण्या-रंगवण्यातली आणि कापण्यातली घट धरली की २४० ग्रॅम. गुणिले २४,०००, म्हणजे पावणेसहा टन. एवढं सूत लगेच सांगावं लागतं, कारण सूत, विणकाम, डाइंग आणि कॉम्पॅक्टिंग हा रस्ता तोडून छोटा करता येत नाही.

वेळापत्रकात रंगाची मंजुरी २० जूनला होती. त्यासाठी डाइंग युनिट कापडाचे छोटे तुकडे रंगवून देतं, त्यांना लॅब डिप म्हणतात. पांढरा आणि ऑलिव्ह वेळेत मंजूर झाले. नेव्ही मात्र परत आला. दिवसाच्या उजेडात रंग जुळत होता, पण युरोपच्या दुकानांत असतात तसल्या ट्यूबलाइटखाली तो लालसर दिसत होता. रंगाच्या मिश्रणात घेतलेले डाय वेगळे असले की असं होतं, एका उजेडात जुळणारा रंग दुसऱ्यात फुटतो. दुसऱ्या फेरीतही तो नापास झाला. तिसऱ्या फेरीत मंजुरी आली तेव्हा २ जुलै उजाडला होता. बारा दिवस गेले.

इथून दोन रस्ते फुटतात. सवयीचा रस्ता म्हणजे तिन्ही रंगांचं कापड एकत्र येईपर्यंत थांबायचं. मग प्रत्येक पुढची तारीख बारा दिवस सरकते. माल २९ ऑगस्टऐवजी १० सप्टेंबरला निघतो, जहाज चुकतं, आणि बायर म्हणतो की उशीर झालेला माल तुमच्या खर्चाने विमानाने पाठवा. फक्त नेव्हीचे ८,००० पीस धरले तरी खोक्यांसह वजन दोन टनांच्या आसपास जातं. विमानभाडं किलोला ३०० रुपये धरलं, तर सहा लाख रुपये. टी-शर्टची किंमत अडीचशे रुपये धरली तर त्या मालाची एकूण किंमत वीस लाख. म्हणजे विक्रीचा जवळपास तिसरा हिस्सा भाड्यातच गेला. अशा साध्या टी-शर्टवर कारखान्याला त्याच्या जवळपासही नफा सुटत नाही.

दुसरा रस्ता आमच्या मर्चंडायझरने घेतला. दुसरी फेरी नापास होताच तिने बायरला विचारलं की पीपी सॅम्पल ऑलिव्ह कापडात चालेल का. पीपी सॅम्पल म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या कापडात, खऱ्या लेबल-छपाईसह शिवलेला शेवटचा नमुना. तो मंजूर झाल्याशिवाय कटिंगला हात लावता येत नाही. बायरने होकार दिला, नेव्हीचा फक्त छापील तुकडा वेगळा मागितला. पांढरं आणि ऑलिव्ह कापड ठरल्याप्रमाणे १० जुलैला आलं, पीपी सॅम्पल २० जुलैला मंजूर झाला, कटिंग लगेच सुरू झालं. शिलाईच्या दोन लाइन, प्रत्येकी रोज ८०० पीस. २८ जुलैला शिलाई सुरू झाली आणि पहिले दहा कामाचे दिवस लाइनवर पांढरा आणि ऑलिव्हच होता. नेव्हीचं कापड २२ जुलैला आलं, कापून-छापून ८ ऑगस्टला लाइनला तयार होतं. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी शिलाई संपली. दुसऱ्या दिवशीची सुट्टीही मोडावी लागली नाही. तपासणी २५ तारखेला झाली, माल २९ ला निघाला.

आता या ऑर्डरविषयी बायोडेटात काय लिहायचं? ‘लीड टाइम ९० दिवस’ लिहिलं तर तिने केलेलं सगळं काम झाकून जातं. ‘एका रंगाच्या मंजुरीला १२ दिवस उशीर, पीपी सॅम्पल दुसऱ्या रंगात मंजूर करून घेऊन लाइनचा क्रम बदलला, मूळ तारखेला माल रवाना, विमानखर्च शून्य’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तिच्या कामाची रीत दिसते. यात डाइंगवाल्याचं किंवा लाइनचं श्रेय तिने घेतलेलं नाही. बायरला प्रश्न विचारणं आणि क्रम बदलणं हे तिचंच काम होतं आणि तेवढंच तिने लिहिलं.

‘मूळ तारीख’ हे दोन शब्द मला इथे फार मोलाचे वाटतात. वेळेवर डिलिव्हरीची टक्केवारी बहुधा सुधारित तारखेवर मोजली जाते. वर्षातल्या ५० ऑर्डरींपैकी ४१ मूळ तारखेला गेल्या, आठ ऑर्डरींची तारीख बायरकडून वाढवून घेतली आणि त्या नव्या तारखेला गेल्या, एक त्यानंतरही उशिरा गेली. मूळ तारखेने हिशेब ८२ टक्के, सुधारित तारखेने ९८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पण दुसराच तेवढा लिहिला तर आठ वेळा मागितलेली मुदत लपते, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. दोन्ही लिहिले, आणि त्या आठांपैकी किती ऑर्डरींत बायरनेच डिझाइन उशिरा बदललं होतं हेही लिहिलं, तर ८२ चा आकडासुद्धा उमेदवाराच्या बाजूने बोलतो.

क्वालिटीच्या आकड्यात चूक वेगळ्या प्रकारची होते. ‘एक्यूएल २.५’ हा निकाल नाही, तो फक्त मोजण्याचा नियम आहे. ‘मी एक्यूएल २.५ साध्य केलं’ असं म्हणण्याला अर्थ नाही. नियम असा: आपल्या २४,००० पिसांच्या मालातून तपासणी करणारा नेहमीच्या पातळीवर ३१५ पीस यादृच्छिक उचलतो. मोठे दोष, म्हणजे ग्राहक कपडा परत करील असे, १४ पर्यंत निघाले तर माल पास, १५ निघाले तर नापास. लहान दोषांना सहसा ४.० ची पातळी असते, तिथे मर्यादा २१. आणि सुरक्षेचा दोष, समजा तुटलेल्या सुईचं टोक, एकही चालत नाही. ३१५ पैकी १४ म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जवळ. त्यामुळे ‘अडीच टक्के दोष चालतात’ ही समजूतही बरोबर नाही. २.५ हा आकडा सांगतो की संपूर्ण मालात दोषांचं प्रमाण साधारण तेवढं असेल तर तो माल या चाळणीतून बहुतेक वेळा पार होईल.

म्हणून निकाल लिहायचा तो असा: वर्षात किती अंतिम तपासण्या झाल्या, त्यांपैकी पहिल्याच फेरीत किती पास झाल्या. ‘पहिल्याच फेरीत’ हे महत्त्वाचं. नापास झालेला माल खोकी उघडून, पीस वेगळे काढून, दुरुस्त करून पुन्हा दाखवला की अखेरीस पास होतोच. शेवटचा निकाल जवळपास सगळ्यांचा चांगला असतो. फरक पहिल्या फेरीत दिसतो. आपल्या टी-शर्टच्या ऑर्डरीत ३१५ पिसांत नऊ मोठे दोष निघाले आणि माल पहिल्या फेरीत पास झाला. कापले २४,७०० पीस, रवाना झाले २४,१२०. बायरने तीन टक्के कमी-जास्त चालवून घेतलं होतं, त्यामुळे ते सगळे स्वीकारले गेले. कापलेल्या मालापैकी पावणेअठ्ठ्याण्णव टक्के विकला गेला, हा आकडा मालकाला कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा जास्त सांगतो.

तरी तिरक्या शिवणी आणि तेलाचे डाग हे क्वालिटी विभागाचं क्षेत्र आहे, मर्चंडायझरचं नाही. तिचे स्वतःचे दोष वेगळे असतात, आणि ते अंतिम तपासणीत बहुधा उशिराच सापडतात. बायरने फिट सॅम्पलवर ‘गळा अर्धा सेंटिमीटर मोठा करा’ असं कळवलं, आणि ती ओळ ईमेलमधून पॅटर्न मास्तरपर्यंत पोचली नाही, तर २४,००० पिसांत प्रत्येक गळा लहान येतो. शिलाई उत्तम, कापड उत्तम, आणि माल पूर्ण नापास. केअर लेबलवर चुकीच्या देशाची भाषा छापली गेली, बारकोड मागच्या हंगामाचा लागला, हेही तसेच. अनुभवी मालक म्हणून विचारतो, ‘तुमच्या मंजुरीच्या किंवा कागदाच्या चुकीमुळे किती दावे आले?’ याचं उत्तर बायोडेटात आधीच असलेला उमेदवार मी आजवर फार थोडा पाहिला आहे. आकडा शून्य नसला तरी तो लिहावा असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षांत दोन दावे, आणि त्यानंतर प्रत्येक बदलाची सही घेण्याची सुरू केलेली पद्धत, हे वाचून माणूस भरवशाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र बायोडेटात अजिबात येऊ नये, आणि ती म्हणजे बायरचे दर. ‘अमुक ब्रँडचा पोलो तमुक डॉलरला केला’ असं लिहिणाऱ्याला वाटतं की आपण सौदा करू शकतो हे दिसेल. वाचणाऱ्याला दिसतं ते इतकंच, की हा माणूस उद्या आपलेही दर शेजाऱ्याला सांगेल. वार्षिक उलाढाल ढोबळ टप्प्यात द्यावी, आणि बायरशी गुप्ततेचा करार असेल तर नावाऐवजी ‘युरोपातलं मध्यम किमतीचं साखळी दुकान, पुरुष विभाग’ एवढंच पुरतं. मुलाखतीत समोरचा फार खोदू लागला तरी नकार द्यावा. तो नकारही तो मोजत असतो.

हे सगळे आकडे येणार कुठून, हा खरा व्यवहारातला प्रश्न आहे. नोकरी सोडल्या दिवशी कंपनीचा ईमेल बंद होतो आणि सहा वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी हातातून जातो. मग बायोडेटा लिहायला बसलेला माणूस आठवणीतून ‘१५ लाख’ आणि ‘९८ टक्के’ लिहितो. म्हणून इचलकरंजीहून नुकती तिरुपूरला गेलेली सहायक मर्चंडायझर असली, तरी तिने पहिल्या ऑर्डरीपासून स्वतःची एक वही ठेवावी. त्यात बायरचं नाव किंवा दर नको, कंपनीची कागदपत्रं तर नकोतच. प्रत्येक ऑर्डरीला एक ओळ: कपड्याचा प्रकार, स्टाइल आणि रंग, पीस, ऑर्डर पक्की झाल्याची तारीख, मूळ रवानगीची तारीख, प्रत्यक्ष रवानगीची तारीख, मंजुरीला लागलेल्या फेऱ्या, पहिल्या तपासणीचा निकाल, कापलेले आणि गेलेले पीस, विमानाने गेले असल्यास किती, आणि शेवटच्या रकान्यात उशीर झाला असेल तर त्याचं कारण आणि आपण काय केलं. दोन वर्षांत तिच्याकडे तीस-चाळीस ओळी जमतात. सहायक म्हणून ज्या ऑर्डरींत तिने फक्त सॅम्पल पाहिले, त्यांच्यापुढे तसंच लिहावं. मालक तिला विचारील की नेव्हीच्या बारा दिवसांचं तू काय केलंस, तेव्हा तिला तो रकाना वाचूनच उत्तर देता येईल.